चौदा नंबरची गाडी

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या पंक्चरच्या दुकानासमोर एका पांढऱ्या मोटारीला जॅक लावला गेला. चाक जमिनीवरून चार बोटं उचललं असेल-नसेल, तोच जॅकचं डोकं गाडीच्या पत्र्यात घुसलं आणि गाडी पुन्हा चाकावर बसली. आवाज फारसा झाला नाही. पापड मोडल्यासारखा झाला, असं पंक्चरवाल्यानं नंतर सांगितलं. चाकाचे नट अजून काढलेले नव्हते, त्यामुळं कुणाला काही झालं नाही.

गाडी बद्रीनाथ काळे यांची. सोयगावला त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. आईला रेल्वेत बसवून ते परत निघाले होते. वाकून पाहिलं तेव्हा दारांखालून लांबीत जाणारी जी पोकळ पट्टी असते, गॅरेजवाले जिला रनिंग बोर्ड म्हणतात, तिला मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं. कडेचा पत्रा हातात आला. दोन बोटांत धरून दाबला, तर चुरा झाला.

गाडी सात वर्षांची होती. बाहेरून पाहिलं तर सात वर्षांची वाटतही नव्हती.

पंक्चर काढून झाल्यावर बद्रीनाथ गावाकडं वळले नाहीत. तिथून अर्ध्या किलोमीटरवर मोहियोद्दीन शेख यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. सहा वर्षांपूर्वी याच गाडीला खालून काळा थर मारून घेतला होता, तो तिथंच. इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तेव्हा स्टेन्सिलनं टाकलेला आकडा अजून होता, १४.

मोहियोद्दीन एकसष्ट वर्षांचे. या कामात चव्वेचाळीस वर्षं. अंडरबॉडी कोटिंगचं काम मात्र त्यांनी गेल्या सात वर्षांतच सुरू केलं, आणि प्रत्येक गाडीला अनुक्रमांक टाकला. सोमवारपर्यंत अडतीस गाड्या झाल्या होत्या. सगळ्यांचे गाडी लिफ्टवर असतानाचे खालून काढलेले फोटो गॅरेजच्या मोबाइलमध्ये आहेत.

“चाचा,” बद्रीनाथ गाडीतून उतरतच म्हणाले, “तुम्ही म्हणला व्हता, पंधरा वर्षं हात लावायची गरज नाय. हात लावला नाय मी. जॅक लावला.”

मोहियोद्दीननी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला, गुडघे टेकले आणि भगदाडाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग आत हाक मारली. “राजकुमार, लिफ्ट मोकळी कर.”

राजकुमार दाभाडे त्यांच्याकडं बावीस वर्षं आहेत. पत्रा ठोकणं आणि वेल्डिंग हे त्यांचं, रंग आणि फवारा उस्तादांचा, म्हणजे मोहियोद्दीन यांचा. त्यांनी भगदाड पाहिलं आणि शीळ घातली. “बद्रीभाऊ, ह्यात काय कोंबडी पाळायची व्हती का?”

“मस्करी नको, राजूभाऊ. माझ्या सांगण्यावरून गावातल्या अजून तिघांनी इथं गाड्या आणल्या. त्यात माझा मेव्हणा हाय. त्याला काय सांगू?”

प्रश्न तिथं पहिल्यांदा उघडा झाला. गंज या एका गाडीचा असेल, तर एक पट्टी बदलली की विषय संपत होता. गंज थरामुळं आला असेल, तर उरलेल्या सदतीस गाड्या रस्त्यावर होत्या, आणि त्यांचे मालक जॅक लागेपर्यंत निर्धास्त होते.

मोहियोद्दीन यांचं पहिलं उत्तर तयार होतं. “गाडीत खत वाहता ना तुम्ही?”

“दुकान खताचं हाय. मग काय गुलाबजाम वाहू?”

“पोटॅश?”

“पोटॅश बी. एक-दोन गोण्या. लई लांब नाय, शेतापर्यंत.”

“पोटॅश म्हणजे मीठच. लोखंडाला मीठ लागलं की खलास. थर काय करणार?”

बद्रीनाथनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

साडेअकराला युसरा आली. मोहियोद्दीन यांची धाकटी मुलगी, वय सव्वीस. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांना रंग चढवण्याच्या लाइनवर ती तपासणीचं काम करते. त्या दिवशी दुसरी पाळी होती, दोन वाजता कंपनीची बस. ती अब्बांचा डबा घेऊन आली होती. डबा टेबलावर ठेवून ती थेट लिफ्टखाली गेली आणि अब्बांनी हाक मारेपर्यंत बाहेर आली नाही.

“अब्बा, थर कुठंच फाटलेला नाहीये,” ती खालूनच म्हणाली.

“फाटणार कसा? मी मारलाय.”

“म्हणूनच म्हणते. फाटला नाही, फुगला नाही, तर खालून पाणी गेलंच नाही. राजूकाका, सुरी द्या.”

तिनं भगदाडापासून वीतभर अंतरावर काळ्या थराला चीर दिली. दीड मिलिमीटर जाडीचा, रबरासारखा थर. चिवट होता, ओढून काढावा लागला. त्याखाली कारखान्यातला रंग जसाच्या तसा, राखाडी, कोरडा. तिनं त्यावरून बोट फिरवून अब्बांना दाखवलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

“बाहेरून आलेला नाही हा,” ती म्हणाली. “आतून आलाय.”

“आत कोण गेलं मारायला?” राजकुमार म्हणाले.

“तेच बघायचंय.”

कापण्याआधी बद्रीनाथना एक शंका होती, आणि ती त्यांनी स्पष्ट विचारली. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय की पत्रा जस्ताचा आहे. जस्ताच्या पत्र्याला गंज लागतोच कसा? का कंपनीनंच फसवलं?

राजकुमार यांनी उत्तर देण्याऐवजी बारीक पॉलिश पेपर घेतला. पट्टीच्या वरच्या, चांगल्या भागावर त्यांनी रुपयाएवढी जागा गोल गोल घासली. मधोमध जास्त, कडेला कमी. पाच मिनिटांत तिथं वलयं दिसू लागली, नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशी. बाहेरचं वलय नुसतं चमक गेलेलं, मग पांढरं, मग फिकट राखाडी, मग गडद राखाडी, मग मंद रुपेरी. अगदी मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढा काळसर लोखंडाचा ठिपका.

“वाचा,” राजकुमार युसराला म्हणाले. “तू शिकलेली.”

“सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. ऊन आणि ओरखडे तो झेलतो. त्याखाली गाडीचा रंग, तो दिसण्यापुरता, सगळ्यांत पातळ. मग प्रायमर, खडे उडतात त्याचा मार तो घेतो. हा गडद आहे ना, हा आमच्या लाइनवरचा. अख्खा सांगाडा टाकीत बुडवतात, वीज सोडतात, आणि रंग ओढून पत्र्याला चिकटतो. जिथं ब्रश पोचत नाही, तिथं तो पोचतो. आणि ही रुपेरी कड म्हणजे जस्त.”

“एवढंसं?” बद्रीनाथनी विचारलं.

“एवढंसंच. आठ मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरचा केस सत्तर मायक्रॉनचा असतो.”

“राहिलेत कुठं,” राजकुमार म्हणाले.

बद्रीनाथ या वेळी हसले. मोहियोद्दीननी रंगाची जाडी मोजायचा छोटा मीटर आणून दारावर टेकवला. एकशे बारा. दुसरीकडं एकशे आठ. लोखंडाच्या वर जे काही आहे त्याची सगळी मिळून एवढीच जाडी, दीड केस. मागच्या डाव्या दारावर मात्र आकडा आला तीनशे चाळीस.

“हे दार दुसरीकडं रंगवलं?” मोहियोद्दीननी विचारलं.

बद्रीनाथनी घसा खाकरला. “बाजार समितीचं गेट घासलं व्हतं. सिल्लोडला करून घेतलं. घाई व्हती.”

“लांबी भरलीय, पुट्टी, चांगली जाड,” मोहियोद्दीन म्हणाले. “आमच्याकडं आणलं असतं तर काय गेट परत घासणार होतं?”

दाराचा पट्टीशी संबंध नव्हता. तरी मोहियोद्दीन थोडे सैल झाले, असं राजकुमार यांना वाटलं.

जस्ताचं काम युसरानं थोडक्यात सांगितलं. रंग फक्त झाकतो. चीर पडली की त्याचं काम तिथं संपलं. जस्त मात्र चीर पडल्यावर कामाला लागतं. ओल आली की लोखंडाच्या आधी ते स्वतः झिजतं, आणि जवळपासच्या उघड्या लोखंडाला झिजू देत नाही. ते संपेपर्यंत.

“आणि संपलं की?”

“मग लोखंडाची पाळी.”

बाराला दहा मिनिटं कमी असताना राजकुमार यांनी ग्राइंडर चालवला. भगदाडाच्या दोन्ही बाजूंना मिळून दीड फूट लांबीचा पत्रा त्यांनी खिडकीसारखा कापून काढला. आतून आधी पाणी आलं, पेलाभर, गढूळ. मग चिखल. चिखलात गंजाचे खपले, पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक. आणि कडेनं, जिथं पत्रा अजून शाबूत होता, तिथं सगळीकडं पांढरी भुकटी बसलेली.

मोहियोद्दीननी ती भुकटी बोटावर घेतली आणि बद्रीनाथसमोर धरली. “हे काय? पोटॅश. बोललो होतो.”

बद्रीनाथनी भुकटी स्वतःच्या बोटावर घेतली, चोळली, उजेडात धरली. खतात त्यांची वीस वर्षं गेली आहेत. “चाचा, रंगातलं तुम्हाला कळतं, व्हय. पण हे पोटॅश नाय. पेला द्या.”

चहाच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यांनी भुकटी टाकली आणि स्क्रू-ड्रायव्हरनं ढवळली. पाणी दुधाळ झालं. चौघं जण पेल्याकडं बघत उभे राहिले. पाच मिनिटांनी पाणी वर निवळलं, भुकटी तळाला बसली. जेवढी टाकली तेवढीच दिसत होती.

“पोटॅश असतं तर विरघळून गेलं असतं,” बद्रीनाथ म्हणाले. “गिऱ्हाईक भेसळ म्हणून भांडायला येतं, तेव्हा मी हेच करून दाखवतो.”

“मग काय आहे?” राजकुमार यांनी विचारलं.

उत्तर युसराला ठाऊक होतं, पण ती अब्बांकडं बघत होती. “जस्त आहे ते,” ती म्हणाली. “झिजलेलं जस्त. पांढरा गंज म्हणतात. अब्बा, जस्ताला हवा लागते. ओलं झालं, सुकलं, परत ओलं झालं, तर त्याच्यावर राखाडी साय धरते. ती साय त्याला वाचवते, पंचवीस पंचवीस वर्षं. पत्र्याचे शेड नाहीत का? पण सतत ओलं राहिलं, वाराच लागला नाही, तर साय धरत नाही. सगळं भुकटी होऊन जातं.”

“इथं सतत ओलं कसं राहील?” मोहियोद्दीन म्हणाले. “आपल्याकडं आठ महिने पाऊस नाही.”

यावर बद्रीनाथनी जे सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. गाडी ते दर अमावास्येला धुतात. बाहेरून आणि आतूनही. खत सांडतं म्हणून पायाखालची मॅटं काढून पाइपनं. मग नारळ. सहा वर्षांत एक अमावास्या चुकली नाही.

युसरानं दार उघडून उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचकटली. खाली पट्टी बसवायच्या क्लिपांची भोकं होती. पाइपचं पाणी तिथून सरळ पोकळ बोर्डात उतरत होतं. खताचं असो की नुसत्या मातीचं.

“आत आलं, तर खालून जायला पाहिजे,” ती म्हणाली. “कंपनी खाली भोकं ठेवते. आमच्याकडंही प्रत्येक भागाला खालच्या बाजूला भोक असतं. नसलं तर टाकीत बुडवताना आत हवा अडकते, रंग चढत नाही. आणि बाहेर काढल्यावर रंग निथळत नाही. भोकं कुठंयत, अब्बा?”

मोहियोद्दीननी टॉर्च उचलला. ते लिफ्टखाली गेले. डाव्या बाजूला काळा थर सलग, गुळगुळीत होता. एकही भोक दिसत नव्हतं.

दिसणारही नव्हतं. वयाच्या सतराव्या वर्षी ते शहागंजात ज्या उस्तादाकडं शिकले, तो ट्रक आणि जीपगाड्यांचं काम करायचा. तेव्हाचा पत्रा कोरा लोखंडी, रंग हातानं. उस्तादाचा नियम होता, की फवारा उचलायच्या आधी गाडीखाली आडवं पडायचं आणि सापडेल ते भोक सीलरनं बुजवायचं, मग बोट फिरवून सपाट करायचं. भोक राहिलं तर दिवसाची रोजी नाही. मोहियोद्दीन कोटिंगचं काम करू लागले तेव्हा हाच नियम त्यांनी पुढं चालवला. बाकीचे गॅरेजवाले भोकांवरून नुसता फवारा मारतात. त्यातली काही भोकं अर्धवट उघडी राहतात. मोहियोद्दीन यांचं काम चोख होतं. गिऱ्हाईक मोबाइलची बॅटरी लावून खाली बघायचं आणि खूश होऊन जायचं.

“चार भोकं असतात एका बाजूला,” ते खालूनच म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. “चारही मी बुजवली. हातानं.”

शेजारच्या दुकानात कुणाच्या तरी चाकात हवा भरत होते.

मग राजकुमार म्हणाले, “पण उस्ताद, उजवी बाजू?”

उजव्या पट्टीला सगळ्यांनी आधीच ठोकून पाहिलं होतं. आवाज खणखणीत होता. तेच पाणी, तीच माती, तेच खत, तोच थर, तेच हात. मग डावी बाजू पोखरली आणि उजवी शाबूत का? मोहियोद्दीन यांना यात आधार दिसला. भोकं बुजवल्यानं गंज येतो, तर दोन्हीकडं यायला हवा होता. चूक भोकांची नसेल. डावीकडं मुळात पत्राच कच्चा असेल. दहा मिनिटं ते हे बोलत राहिले.

युसराचं लक्ष नव्हतं. ती मोबाइलमध्ये चौदा नंबरचे जुने फोटो बघत होती. मग तिनं लिफ्टच्या उजव्या बाजूला मान वर केली आणि हात वर केला. मागच्या चाकाच्या पुढं, काळ्या थरात तळहाताएवढा एक गोल होता, जिथं थर नव्हताच, कारखान्याचा रंग दिसत होता. लिफ्टच्या हाताला पुढं जो रबरी गोळा असतो, तो गाडी उचलताना जिथं टेकतो, ती ही जागा; या वेळी तो वीतभर पुढं टेकला होता. तिथं ना सीलरचं बोट पोचतं, ना फवारा. काम झाल्यावर गाडी खाली घ्यायची, गोळे सरकवून पुन्हा उचलायची आणि राहिलेले चार गोल भरायचे, असा शिरस्ता आहे. फोटोत तीन भरलेले होते.

त्या गोलाच्या कडेला करंगळी जाईल एवढं एक भोक होतं. उघडं.

“हा चौथा कुणी भरायचा होता?” युसरानं विचारलं.

राजकुमार यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “मी.”

“मग?”

“शुक्रवार व्हता. उस्ताद नमाजला गेलते. बद्रीभाऊ घाई करू लागले, आता नाय निघालो तर गावी पोचायला उशीर व्हतो म्हणून. मी म्हणलं एक गोल राहिला तर काय व्हतंय.”

“सहा वर्षं सांगितलं नाहीस,” मोहियोद्दीन म्हणाले.

“तुम्ही रोजी कापली असती.”

मोहियोद्दीननी राजकुमार यांच्याकडं पाहिलं. मग ते हसले, पण हसणं लगेच थांबलं.

गॅरेजात तारेच्या टोकाला बसवलेला एक बारीक कॅमेरा आहे, दाराच्या आत बघायला. युसरानं तो क्लिपच्या भोकातून उजव्या पट्टीत सोडला. पडद्यावर कोरडी धूळ दिसली, गडद राखाडी भिंत दिसली, वेल्डच्या ओळीपाशी एक नारिंगी ओघळ दिसला, बोटभर. त्यापलीकडं काही नाही. तिनं कॅमेरा पुढं नेला, मागं आणला, पुन्हा पुढं नेला. बद्रीनाथ आपला मोबाइल काढून पडद्याचा व्हिडिओ घेत होते.

“एका भोकानं एवढं?” ते म्हणाले.

“एका भोकानं निथळतं आणि सुकतंही,” युसरा म्हणाली. “आत जरा वारा लागला की पुरे.”

खताचा वाटा किती, हे कळलं नाही. युसराच्या मते ओल असेल तर मीठ काम दुप्पट वेगानं करतं, पण उजवीकडंही तेच मीठ गेलं होतं. बद्रीनाथनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या गोण्या टेम्पोनं न्यायचं कबूल केलं. अमावास्येबद्दल ते काही बोलले नाहीत.

एक वाजून चाळीस मिनिटांनी युसराला निघायचं होतं. डबा तसाच होता. ती पर्स खांद्याला लावून उभी राहिली, पण गेली नाही.

“अब्बा, बाकीच्या?”

मोहियोद्दीन हात धूत होते. “बाकीच्यांचं बघू.”

“कधी?”

“चव्वेचाळीस वर्षांत मी कुणाला फोन करून सांगितलं नाही की बाबा, माझं काम चुकलं. आता सदतीस घरी फोन करू? मुकुंदवाडीत तोंड दाखवायचं की नाही मला?”

“नक्को करू अब्बा. जॅक लागला की ते स्वतःच येतात.”

बद्रीनाथ मध्ये पडले. “चाचा, एक सांगू? मी सकाळी भांडायला आलतो. तुम्ही खाली झोपून म्हणला ना, चारही मी बुजवली म्हणून, तवा माझं भांडण संपलं. पण माझ्या मेव्हण्याला मी आज सांगणार. तुम्ही सांगा का नका सांगू.”

“मेव्हण्याचा नंबर किती?”

“फोन नंबर?”

“गाडीचा. स्टेन्सिलचा.”

“एकवीस.”

मोहियोद्दीननी टॉवेल खुंटीला लावला. टेबलावरचा मोबाइल उचलला, फोटोत एकवीस नंबरची गाडी काढली, नंबर प्लेट वाचली आणि बद्रीनाथना म्हणाले, “लावा त्यांना. मी बोलतो.”

युसराची बस चुकली नाही. ती धावत गेली.

चौदा नंबरच्या गाडीचं काम चार दिवस चाललं. राजकुमार यांनी चांगला पत्रा लागेपर्यंत डावी पट्टी कापली आणि नवा जस्ती पत्रा वेल्ड केला. वेल्डच्या उष्णतेनं जस्त जळून जातं, म्हणून जोडावर आधी जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर, मग इपॉक्सीचा थर, मग सीलर. सीलर फक्त जोडाला. बाहेरून रंग आणि लॅकर झाल्यावर लांब नळीनं आतल्या पोकळीत मेणाचा फवारा मारला. मेण पत्र्याच्या फटींत शिरतं आणि ओल बाहेर ठेवतं. थेंब गळायचे थांबल्यावर मोहियोद्दीननी स्वतः चारही भोकांतून तार घालून पाहिली. मग खालचा काळा थर. त्याआधी भोकांत त्यांनी आगपेटीच्या काड्या खोचल्या, फवाऱ्यानंतर उपटून काढल्या.

“हे कुठं शिकला?” राजकुमार यांनी विचारलं.

“आज.”

बाकीच्या गाड्यांसाठी पद्धत ठरली. गाडी लिफ्टवर घ्यायची, भोकाच्या जागी टोच्या घालायचा आणि खाली पांढरी ताटली धरायची. काही पडलं नाही तर ठीक. दुधाळ पाणी पडलं तर जस्त झिजतंय, पण वेळ आहे. आत वाळवून मेण मारायचं. लाल पाणी पडलं तर गाडी ठेवून घ्यायची. पहिल्या दिवशी आलेल्या एका निवृत्त तहसीलदारांच्या गाडीतून कपभर लाल पाणी पडलं, तेव्हा मोहियोद्दीननी ताटली त्यांच्या हातात दिली आणि जे झालं ते सुरुवातीपासून सांगितलं. तहसीलदार ऐकत राहिले, मग म्हणाले, “तुम्ही फोन केला नसता, तर मी तुमचंच नाव लोकांना सांगत फिरलो असतो.” ते कौतुक होतं की टोमणा, यावर राजकुमार आणि मोहियोद्दीन यांचं अजून एकमत झालेलं नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत, बद्रीनाथ यांची धरून, अडतीसपैकी एकोणतीस गाड्या तपासून झाल्या होत्या. सतरा कोरड्या निघाल्या. आठांतून दुधाळ पाणी आलं. चारांतून लाल. बद्रीनाथ यांच्या मेव्हण्याची गाडी कोरड्यांत होती. ती तो धूतच नाही.

सहा मालकांनी पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगितलं आहे. दोघांनी गाड्या नांदेडला विकल्या, तिथल्या मालकांना निरोप पोचला आहे.

राहिली नऊ नंबरची. सात माणसं बसतील अशी, निळी. पहिल्या मालकानं ती दोन वर्षांपूर्वी विकली, दुसऱ्यानं गेल्या दिवाळीत. तिसरा मालक हर्सूलला राहतो आणि शाळेच्या मुलांची ने-आण करतो, एवढं दुसऱ्याकडून कळलं. त्यानं दिलेल्या मोबाइल नंबरवर मोहियोद्दीननी शुक्रवारी चार वेळा आणि शनिवारी सहा वेळा फोन लावला.

घंटी वाजते. कुणी उचललेला नाही.